साताऱ्यातल्या वाचनालयाची वर्गणीदार मोहीम: फोटोखाली काय लिहावं?

मधुरा_शाहूपुरी

नमस्कार मंडळी. शहरातल्या एका पेठेतल्या छोट्या वाचनालयात मी संध्याकाळी देवघेवीला बसते. कार्यकारिणीने 1 ते 31 ऑगस्ट नवीन वर्गणीदारांसाठी मोहीम ठरवली आहे. फोटो झकास आलाय, बालविभागातलं निळं कपाट आणि त्यापुढे फतकल मारून बसलेली दोन पोरं (पाठमोरी आहेत, चेहरे दिसत नाहीत). हा फोटो व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळीकडे जाणार. त्याखालचा मजकूर आमच्या चिटणीसांनी दिलाय तो असा:

"वाचाल तर वाचाल! फक्त 60 रुपयांत सभासद व्हा! हजारो पुस्तकांचा खजिना आपल्या दारी! लहानग्यांसाठी स्वतंत्र विभाग. वेळ 8 ते 11.30 व 4.30 ते 8. त्वरा करा!"

मला तो पटत नाहीये, पण नेमकं काय खटकतंय ते धड सांगता येत नाही. आमचे खरे दर देते. मोठ्यांना अनामत 500, प्रवेश फी 50 (मोहिमेत माफ) आणि वर्गणी महिना 60, ती सुरुवातीला तीन महिन्यांची एकदम. दोन पुस्तकं 15 दिवसांसाठी आणि एक मासिक 7 दिवसांसाठी. मुलांना, म्हणजे 5 ते 14 वयाच्या, अनामत 200, वर्गणी महिना 20, तीही तीन महिन्यांची. एक पुस्तक आणि एक मासिक, आठ दिवस. सोमवारी बंद, रविवारी फक्त सकाळी 9 ते 12. बालविभाग मंगळवार ते शनिवार संध्याकाळी 5 ते 7 आणि रविवारी 10 ते 12.

शुक्रवारच्या बैठकीच्या आत द्यायचंय. सुचवा.

टवाळ_कास

घ्या:
"पुस्तक घ्या हो पुस्तक घ्या,
साठ रुपड्यांत जग बघा!"
मानधन म्हणून कंदी पेढे चालतील.

पोवईनाका_एक्सप्रेस

चांगला उपक्रम. "आपल्या दारी" म्हणजे गोडोलीपर्यंत पुस्तकं घरपोच देता का? आईला जिना उतरवत नाही, तिच्यासाठी विचारतोय. आणि एमपीएससीसाठी अभ्यासिका 24 तास उघडी असते का? भाचा खोली शोधतोय.

मधुरा_शाहूपुरी

दादा, घरपोच नाही हो. आईंचं कार्ड काढलंत तर त्यांच्या कार्डावर तुम्ही येऊन पुस्तक नेऊ शकता, तेवढं चालतं. अभ्यासिका आमच्याकडे नाहीच. वर्तमानपत्रांची खोली आहे, पण तिथे आठ खुर्च्या आणि बारा आजोबा.

टवाळ, पेढे बैठकीनंतर.

छापखाना_कराड

मधुराताई, पोवईनाक्यांनी तुमचं काम करून दिलं बघा. एका माणसाने मजकूर वाचला आणि लगेच घरपोचचं विचारलं. "आपल्या दारी" ही ओळ नुसती शोभेला आहे, पण वाचणारा तिचा सरळ अर्थ घेणार. मोहीम सुरू झाल्यावर असे रोज दहा फोन येतील आणि ते तुम्हालाच घ्यावे लागतील.

मी फ्लेक्स आणि पत्रकं करतो, आता निम्मं काम मोबाईलवरच्या जाहिरातींचं असतं. इन्स्टाग्रामवर फोटोखालच्या मजकुराच्या पहिल्या दीड-दोन ओळीच दिसतात, बाकीचं बघायला दाबावं लागतं. बरेच जण दाबत नाहीत. चिटणीसांच्या मजकुरात त्या दोन ओळींत काय आलंय? एक घोषणा आणि एक चुकीची रक्कम. वेळ, सुट्टी, अनामत सगळं तळाला किंवा कुठेच नाही.

दुसरं म्हणजे, दर फक्त चित्रात छापून मोकळे होऊ नका. चित्रातलं बारीक अक्षर चष्मेवाल्यांना दिसत नाही, ते कॉपी करून कोणाला पाठवता येत नाही आणि नंतर शोधताना सापडतही नाही. चित्रात नाव, पत्ता आणि शेवटची तारीख. बाकी सगळं खाली अक्षरांत.

अजिंक्य_77

मुळात अनामत कशाला? शासनमान्य वाचनालयाला सरकार अनुदान देतं ना? 1967 चा कायदा आहे त्यासाठी. मग वाचकाकडून पैसे घेणंच चूक. भिलारला बघा, पुस्तकांच्या गावात कोणी पाच पैसे मागत नाही. मजकुरात "मोफत" लिहा, रांग लागेल.

जुना_ग्रंथपाल

अजिंक्यराव, कायदा 1967 चाच आहे आणि अनुदानही मिळतं, इथवर तुमचं बरोबर. पण आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकारची नाहीत, ती संस्थांनी चालवलेली आहेत. सरकार त्यांना अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे अनुदान देतं. त्यात पगार, पुस्तकखरेदी, वीज, मासिकं सगळं बसवायचं म्हणजे काय ओढाताण होते ती मी नोकरीभर पाहिली आहे. फुकट असतं ते खोलीत बसून वर्तमानपत्र वाचणं. पुस्तक घरी न्यायचं तर वर्गणी आणि अनामत. आणि भिलारला तुम्ही पुस्तक त्या घरात, त्या ओसरीवर बसून वाचता, पिशवीत घालून साताऱ्याला आणत नाही. 2017 पासून ते छान चाललंय, पण ती व्यवस्थाच वेगळी.

अनामत म्हणजे पुस्तकाची हमी. मधुरा, एक हिशेब कर. तुम्ही एका वेळी दोन पुस्तकं देता. आजच्या कादंबरीची छापील किंमत सहज तीनशे-साडेतीनशे. दोन गेली की सहाशे-सातशे रुपयांचा माल बाहेर, आणि तुमच्याकडे हमी 500 ची. तरीही 500 ठीक आहे, कारण कपाटातली बरीच पुस्तकं जुनी, कमी किमतीची असतात आणि बहुतेक लोक पुस्तकं परत आणतात. पण जाडजूड ग्रंथ किंवा दोन-तीन खंडांचा संच असेल तर काय, याचा नियम हवा. आम्ही असा ठेवला होता: बाहेर गेलेल्या पुस्तकांची एकूण किंमत अनामतीच्या वर गेली तर एकच पुस्तक मिळेल, किंवा तात्पुरती जादा अनामत भरावी. हा नियम फोटोखाली लिहू नका, तो टेबलावरच्या पाटीवर. पण असायला हवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी बाराशेचा संच मागेल आणि तुम्ही टेबलावर वाद घालत बसाल.

आता चिटणीसांचा "फक्त 60 रुपयांत". कोणी शंभराची नोट घेऊन आला तर त्याच्या हातून पहिल्या दिवशी प्रत्यक्षात किती जाणार?

मधुरा_शाहूपुरी

काका, 500 अधिक तीन महिन्यांचे 180. म्हणजे 680. प्रवेश फी माफ नसती तर 730. मुलांचे 200 अधिक 60, म्हणजे 260.

जुना_ग्रंथपाल

मग 680 लिही. लोकांना 680 जड वाटत नाहीत. 60 वाचून आल्यावर टेबलाशी 680 ऐकले की जड वाटतात, आणि तो माणूस परत येत नाही. वर जाऊन चार जणांना सांगतो की तिथे फसवाफसवी आहे. 680 पैकी 500 परत मिळणार हे त्याच वाक्यात आलं पाहिजे, पुढच्या वाक्यात नव्हे.

गावभागकर_सांगली

परत मिळणार म्हणता, पण मिळते का हो? माझाच किस्सा सांगतो. वडिलांनी सांगलीतल्या एका वाचनालयात अनामत भरली होती, कार्ड त्यांच्याच नावाचं. ऑगस्ट 2019 च्या पुरात त्या वाचनालयात पाणी शिरलं, पुस्तकं गेली तशी नोंदवहीही भिजली. आमच्याही घरात कंबरभर पाणी, पावतीचा लगदा झाला. पुढे वडील गेले. मी चौकशीला गेलो तर म्हणाले पावती आणा. त्यांची वही नाही, माझी पावती नाही. रक्कम फार नव्हती, शंभरच्या आसपास असेल, त्यामुळे नाद सोडला. पण मनात राहिलंय. तुमच्या मजकुरात अनामत कशी परत मिळणार ते लिहा.

जुना_ग्रंथपाल

गावभागकर, तुमच्या बाबतीत वाचनालयाचाही इलाज चालला नसेल, पण मुद्दा लाखमोलाचा आहे. मधुरा, तीन गोष्टी बघ.

एक, पावतीवर कार्ड क्रमांक, रक्कम आणि "परत करण्यायोग्य अनामत" हे शब्द असू देत, आणि वर्गणीची पावती वेगळी. एकाच पावतीवर 680 लिहून दिले की चार वर्षांनी त्यातले अनामतीचे किती यावर वाद. नव्या वर्गणीदाराला तिथेच सांग, पावतीचा मोबाईलवर फोटो काढून ठेव.

दुसरं कोषाध्यक्षांशी बोल. समजा मोहिमेत दोनशे जण आले. 200 गुणिले 500 म्हणजे लाख रुपये एकदम जमा. कार्यकारिणीला वाटतं, वा, मोहीम यशस्वी, आता नवी कपाटं घेऊ. ते उत्पन्न नाही! ताळेबंदात ते देणं म्हणून बसतं. आणि ही माणसं टप्प्याटप्प्याने जात नाहीत. मे-जूनमध्ये बदल्या होतात, पोरं शिकायला पुण्याला जातात, तेव्हा एकदम पंधरा-वीस जण अनामत मागायला येतात. पैसे कपाटांत अडकले असतील तर "पुढच्या महिन्यात या" सुरू होतं. अनामत वेगळ्या खात्यात ठेवा.

तिसरं, "सभासद" हा शब्द जपून. तुमच्या घटनेत सभासद म्हणजे सर्वसाधारण सभेला येणारा, मत देणारा. 680 भरून पुस्तक नेणारा वर्गणीदार आहे, त्याला मत नाही. मोहिमेत सरसकट सभासद म्हणून माणसं घेतली आणि पुढे निवडणुकीत कोणी ते चित्र काढून दाखवलं की आम्हालाही मत द्या, तर? असं झालेलं मी पाहिलंय.

छापखाना_कराड

काका, मान्य, पण "वर्गणीदार" म्हटलं की लोकांना गणपतीची वर्गणी आठवते. पंचविशीतल्या पोराला विचारा. मी तर "वाचक व्हा" लिहीन. कायद्यातही अडकत नाही आणि कळतंही.

जुना_ग्रंथपाल

"वाचक" तर वर्तमानपत्र वाचणारे ते बारा आजोबापण आहेत. पण ठीक आहे, मत मागायला तरी कोणी येणार नाही. कार्यकारिणी ठरवू दे.

स्वाती_सदरबझार

मी बालविभागाबद्दल बोलते, कारण मला तेवढ्यातच रस आहे. 😀 माझा मुलगा चौथीत. शाळा साडेपाचला सुटते, रिक्षावाले काका सगळ्यांना सोडत सोडत सहाच्या पुढे घरी आणतात. हातपाय धुऊन, खाऊन निघालो तर पावणेसात. बालविभाग सातला बंद. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस आमच्यासाठी नसल्यातच जमा. रविवारी 10 ते 12 आहे हे मात्र मला माहीतच नव्हतं! मी तुमच्याच भागातली, दोनदा मोठ्या पोरीसाठी येऊन गेले आहे, तरी रविवारचं कोणी सांगितलं नाही. ते आधी लिहा.

आणि एक शंका. त्याने पुस्तक फाडलं तर? किंवा उशीर झाला तर दंड? मला शंभर रुपये दंडाची भीती नाही, पण काउंटरवर त्याला कोणी ओरडलं तर तो परत पाऊल टाकणार नाही, तसा आहे तो.

मधुरा_शाहूपुरी

स्वातीताई, मोठ्यांना पुस्तकामागे दिवसाला एक रुपया विलंब शुल्क आहे. मुलांचं काय ते नियमात लिहिलेलंच नाही, आम्ही सहसा घेत नाही. सातची वेळ अशासाठी, की बालविभाग सांभाळणाऱ्या मावशी सातला जातात आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असते.

जुना_ग्रंथपाल

मुलांना दंड लावूच नका. आधीचं पुस्तक आल्याशिवाय पुढचं नाही, एवढा नियम पुरतो. मूल स्वतःच घरच्यांच्या मागे लागतं.

फाटण्याचं म्हणाल तर पालकांना एकच गोष्ट सांगा: घरी चिकटपट्टी लावू नका. ती पारदर्शक पट्टी वर्षा-दोन वर्षांत पिवळी पडते, तिचा डिंक कागदात उतरतो, आणि पट्टी सुटते तेव्हा अक्षरं घेऊन येते. आम्ही पातळ कागदाची पट्टी आणि खळ वापरायचो, वर वजन ठेवून रात्रभर वाळवायचं. फाटलेलं पान पुस्तकात तसंच ठेवून आणून द्या म्हणावं. बहुतेक पालक लाजेपोटी घरीच दुरुस्ती करतात आणि पुस्तक त्यानेच जास्त खराब होतं.

वेळेबद्दल: परत घेणं आणि नवीन देणं या दोन गोष्टी वेगळ्या करता येतील. मुलाचं पुस्तक मोठ्यांच्या काउंटरवर जमा करून घ्यायला मावशींची किल्ली लागत नाही.

मधुरा_शाहूपुरी

हे चालेल! मोठ्यांची देवघेव साडेसातपर्यंत असते. म्हणजे मुलाचं पुस्तक आई-वडील ऑफिसातून येताना साडेसातपर्यंत टाकून जातील आणि नवीन रविवारी पोराला घेऊन निवडतील. उद्या मावशींना आणि ग्रंथपाल मॅडमना विचारते.

पोवईनाका_एक्सप्रेस

थांबा, देवघेव साडेसातपर्यंत म्हणजे? वर तर 8 लिहिलंय.

मधुरा_शाहूपुरी

वाचनालय 8 ला बंद होतं, पण पुस्तक बदलून द्यायचं साडेसातला थांबवतो. उरलेल्या अर्ध्या तासात आलेली पुस्तकं जाग्यावर लावायची, रोजची नोंद आणि रोकड जुळवायची असते.

पोवईनाका_एक्सप्रेस

मग 8 कशाला लिहिता? मी पावणेआठला धापा टाकत येणार आणि तुम्ही मला पेपर वाच म्हणणार.

छापखाना_कराड

बरोबर. लोकांना कुलूप कधी लागतं यात रस नाही, पुस्तक कधीपर्यंत मिळतं यात आहे. 7.30 लिहा. आणि "8 ते 11.30 व 4.30 ते 8" यात सकाळ-संध्याकाळ हे शब्द घाला. तुम्हाला उघड वाटतं, पण मला एका दवाखान्याच्या पत्रकावरून आलेला फोन आठवतो, बाई रात्री 8 ला दारात उभ्या होत्या.

शेवटच्या तारखेत वर्षही टाका. व्हॉट्सॲपवर चित्र फिरत राहतं. पुढच्या दिवाळीत कोणीतरी "प्रवेश फी माफ आहे ना?" विचारत येईल.

टवाळ_कास

वर्ष टाकण्याआधी कॅलेंडर बघा लोकहो. 31 ऑगस्ट 2026 ला सोमवार आहे. मधुराताईंच्या वाचनालयाला सोमवारी कुलूप. शेवटच्या दिवशी जी झुंबड उडते ती कुलपासमोर उडणार.

पेढे वाढवून द्या.

मधुरा_शाहूपुरी

अरे देवा. खरंच की! आणि 15 ऑगस्टला शनिवार, तेव्हाही बंद. चिटणीसांना आत्ताच कळवते. 30 तारखेला रविवार, म्हणजे शेवट 30 ऑगस्ट दुपारी 12.

सगळ्यांचं घेऊन एक खर्डा केलाय. झोडपा.

"एका वेळी 2 पुस्तकं आणि 1 मासिक घरी न्या. पहिल्या दिवशी 680 रुपये. त्यातले 500 अनामत, कार्ड बंद करताना परत.
उरलेले 180 म्हणजे तीन महिन्यांची वर्गणी. 50 रुपये प्रवेश फी 1 ते 30 ऑगस्ट 2026 पर्यंत माफ. पुस्तक 15 दिवस, मासिक 7 दिवस.
मुलांसाठी (5 ते 14 वर्षे): 260 रुपये, त्यातले 200 परत. 1 पुस्तक आणि 1 मासिक, 8 दिवस. उशीर झाला तरी दंड नाही. बालविभाग रविवारी सकाळी 10 ते 12, मंगळवार ते शनिवार संध्याकाळी 5 ते 7.
मोठ्यांची देवघेव: मंगळवार ते शनिवार सकाळी 8 ते 11.30, संध्याकाळी 4.30 ते 7.30, रविवारी सकाळी 9 ते 12. सोमवारी आणि 15 ऑगस्टला बंद.
येताना पत्त्याचा एक पुरावा आणि एक फोटो आणा. अनामतीची पावती जपून ठेवा, ती दाखवून अनामत परत मिळते."

छापखाना_कराड

पहिल्या दोन ओळी झकास. 680 आणि 500 एकत्र दिसतात, हे महत्त्वाचं. पण "1 ते 30 ऑगस्ट पर्यंत" असं नको, "1 ते 30 ऑगस्ट" किंवा "30 ऑगस्टपर्यंत". आणि प्रत्येक ओळीनंतर एक ओळ मोकळी सोडा, मोबाईलवर एकसलग ठोकळा कोणी वाचत नाही.

मुलांचा भाग वेगळा काढून त्याच फोटोखाली दुसऱ्या दिवशी स्वतंत्र टाकता येईल. शाळांच्या पालकांच्या गटांवर फक्त तोच पाठवा. तिथे मोठ्यांच्या 680 ची गरज नाही.

स्वाती_सदरबझार

दंड नाही हे वाचून बरं वाटलं. एक विचारते, दोन भावंडं असतील तर दोन अनामती? 400 होतात. एकाच कार्डावर दोन पुस्तकं दिलीत तर आम्ही लगेच येऊ.

अजिंक्य_77

बघा, शेवटी पैशांवरच अडलं ना. मुलांचं तरी मोफत करा. वर्षाचे 240 एका मुलाचे, तुमच्या वाचनालयाला त्याने काय फरक पडतो?

जुना_ग्रंथपाल

अजिंक्यराव, यावेळी मी निम्मा तुमच्या बाजूने आहे. मुलांची वर्गणी सोडली तर फार बिघडत नाही, आम्हीही एक वर्ष सोडून पाहिली होती. पण अनामत सोडू नका. पुस्तकं हरवतात ती वाईट हेतूने नव्हे. घर बदलताना खोक्यात जातात, पाहुण्याकडे जातात. 200 अडकलेले असले की आई खोकं उघडून बघते.

स्वातीताईंच्या भावंडांचं मात्र मला नीट ठरवता येत नाही. एका कार्डावर दोन दिली तर इतर पालक विचारणार, आम्हाला का नाही. दोन कार्ड पण दुसऱ्याची अनामत 100, असं काही करता येईल. पण मग नोंदवहीत दोन प्रकारच्या अनामती येतात आणि परत करताना घोळ होतो. तुमच्या ग्रंथपाल मॅडमना विचारा, वही त्यांनाच लिहायची आहे.

गावभागकर_सांगली

पावतीची ओळ आली, आभार. पण पावती हरवलेल्याचं काय, हे अजून राहिलंच.

मधुरा_शाहूपुरी

दादा, त्यावर ग्रंथपाल मॅडमशी आज बोलले. त्या म्हणाल्या, नोंदवहीत नाव, कार्ड क्रमांक आणि सही जुळली तर साध्या अर्जावर देतो, पावती नसली तरी. आणि या मोहिमेपासून अनामतीची यादी संगणकातही ठेवणार आहोत, महिन्याला एक प्रत कोषाध्यक्षांच्या घरी. तुमचा किस्सा सांगितला तेव्हा त्यांनी लगेच होकार दिला. मग मजकुरातली शेवटची ओळ "पावती दाखवून किंवा नोंदवहीत सही जुळवून अनामत परत मिळते" अशी करते.

मावशी म्हणाल्या मुलांची पुस्तकं मोठ्यांच्या काउंटरवर जमा करून घ्या, माझी काही हरकत नाही, पण सकाळी मला ती टेबलावर एका गठ्ठ्यात मिळाली पाहिजेत, इकडे-तिकडे नकोत. तेही घातलं: "मुलांची पुस्तकं संध्याकाळी 7.30 पर्यंत मोठ्यांच्या काउंटरवरही जमा करता येतील."

कोषाध्यक्षांना वेगळ्या खात्याचं विचारलं. म्हणाले बैठकीत बघू. त्यांचा चेहरा बघून वाटलं कपाटांचं कोटेशन आधीच आलेलं आहे.

जुना_ग्रंथपाल

बैठकीच्या आधी अध्यक्षांना 200 गुणिले 500 चा हिशेब कागदावर लिहून दे. तोंडी सांगितलेलं बैठकीत हवेत जातं.

मधुरा_शाहूपुरी

बैठक झाली. तारीख 30 ऑगस्ट केली. चिटणीसांची "वाचाल तर वाचाल" ही ओळ चित्रात वरच्या कोपऱ्यात ठेवली, खालच्या मजकुरातून काढली, त्यामुळे तेही खूश. 680 लिहायला दोघांचा विरोध होता, आकडा बघूनच लोक पळतील म्हणाले. मग ग्रंथपाल मॅडमनी विचारलं, टेबलावर 680 सांगितल्यावर पळतात त्याचं काय? त्यावर मंजूर.

"सभासद" की "वाचक" यावर अर्धा तास गेला. शेवटी चित्रावर "वाचक नोंदणी" आणि पावतीवर "वर्गणीदार". काका, चालेल ना?

अनामतीच्या खात्याचा ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला. भावंडांचंही ठरलं नाही. स्वातीताई, तोपर्यंत दोन कार्डं.

स्वाती_सदरबझार

ठीक, एकच काढते. धाकटीचं पुस्तक त्याच्याच कार्डावर नेईन, भांडतील थोडं. 2 तारखेच्या रविवारी येते. दहालाच उघडता ना, की साडेदहा?

टवाळ_कास

मी पण येतो. पेढ्यांसाठी.